गावापासून घरापर्यंत: राज्यस्तरीय कुटुंब सर्वेक्षणासाठी बहुटप्पी नमुना कसा निवडायचा

राज्यातल्या सगळ्या कुटुंबांची एकत्र यादी कुठेच नसते. असती, तर चिठ्ठ्या टाकून १४ हजार कुटुंबं उचलली असती आणि काम संपलं असतं. यादी असते ती गावांची आणि शहरांत जनगणनेसाठी पाडलेल्या प्रगणन गटांची. म्हणून आधी गाव निवडायचं, मग गावाचा एक भाग, मग त्या भागातल्या घरांची यादी स्वतः करून त्यातून कुटुंबं. टप्प्याटप्प्याने निवड करण्याचं मूळ कारण हेच आहे. प्रवासखर्च वाचतो हा दुसरा फायदा.

या सगळ्यात एक नियम पक्का धरून ठेवा: प्रत्येक टप्प्यावर निवड झाली त्या क्षणी जो आकडा वापरला, संभाव्यता त्याच आकड्यावरून काढायची. नंतर अधिक अचूक आकडा हाती आला तरी मागचा बदलायचा नाही. निवडलेलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने बोलतं तो आकडा म्हणजे त्याचा भार, आणि तो संभाव्यता उलटी करून मिळतो. नवख्या टीमच्या भारांमध्ये ज्या चुका सापडतात, त्यातल्या बऱ्याच हा नियम मोडल्यामुळे झालेल्या असतात. खाली एका गावाचं उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत.

आधी स्तर ठरवा

महाराष्ट्राचे सहा महसुली विभाग घ्या: कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. प्रत्येकाचे ग्रामीण आणि शहरी असे दोन भाग केले की बारा स्तर होतात. प्रत्येक स्तरातून ६० एककं, म्हणजे गावं किंवा शहरी प्रगणन गट, आणि प्रत्येक एककातून २० कुटुंबं घेतली, तर स्तराला १,२०० आणि राज्याला १४,४०० कुटुंबं मिळतात.

एका गावातून २० का, ४० का नाहीत? एकाच गावातली कुटुंबं एकमेकांसारखी असतात. तेच पाणी, तीच शाळा, बहुतेकदा तीच पिकं. हे साम्य मोजणारा सहसंबंध ०.०५ धरला, तर २० कुटुंबांच्या गटाला डिझाइन इफेक्ट १ + (२० − १) × ०.०५, म्हणजे १.९५ येतो. म्हणजे १,२०० मुलाखती अचूकतेच्या दृष्टीने साध्या यादृच्छिक निवडीच्या सुमारे ६१५ मुलाखतींइतक्याच भरतात. तीच १,२०० कुटुंबं १२० गावांतून दहा-दहा घेतली, तर हा आकडा सुमारे ८२८ होतो. मात्र गावांची संख्या दुप्पट झाली की प्रवास आणि यादी करण्याचं कामही दुप्पट होतं. पैसे असतील तर गावं वाढवा, गावातली कुटुंबं वाढवू नका.

आपण पुणे विभागाचा ग्रामीण स्तर घेऊ: पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची गावं. उदाहरणापुरती या स्तरात २४,००,००० कुटुंबं आहेत असं धरू.

फ्रेम तपासा, इथेच घाई होते

निवड ज्या यादीतून होते ती फ्रेम. गावांची सर्वसाधारण फ्रेम म्हणजे २०११ च्या जनगणनेची गावयादी आणि त्यातली कुटुंबसंख्या. पुण्यात ही यादी जशीच्या तशी वापरली तर फसायला होतं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे पालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. यातली जी गावं २०११ च्या यादीत ग्रामीण आहेत, ती आज शहरी आहेत.

यातून होणारी चूक अशी. ग्रामीण यादी बनवणारा म्हणतो, ‘वाघोली आता पालिकेत गेली,’ आणि ती यादीतून काढतो. शहरी यादी बनवणारा २०११ च्या पालिका हद्दीतले प्रगणन गट घेतो, त्यात वाघोली नसतेच. ती दोन्हीकडून सुटते आणि तिथल्या प्रत्येक कुटुंबाची निवड होण्याची संभाव्यता शून्य होते. ही चूक नंतर भार लावून सुधारता येत नाही, कारण शून्याला कुठलाही भार पुरत नाही. म्हणून एक तारीख ठरवा, त्या तारखेची हद्द दोन्ही याद्यांना लावा आणि काढलेलं प्रत्येक गाव दुसऱ्या यादीत आलं आहे का हे एकेक करून जुळवून पाहा. जनगणनेचा गावाचा कोड यासाठीच वापरायचा. नावांवरून जुळवणी करू नका, एकाच नावाची गावं जिल्ह्यात दोन-तीन सापडतात.

दुसरं टोक म्हणजे वेल्हे, भोर, मुळशीच्या डोंगरातली फार लहान गावं. तिथे २० कुटुंबंसुद्धा मिळणार नाहीत. ४० पेक्षा कमी कुटुंबं असलेलं गाव शेजारच्या गावाला जोडून दोघांचं एक एकक करा. हे निवडीच्या आधी करायचं असतं. निवड झाल्यावर ‘इथे घरं कमी आहेत, पलीकडचंही घेऊ’ असं केलं, तर पलीकडच्या गावाची संभाव्यता काय लावायची हा प्रश्न सुटत नाही.

पहिला टप्पा: गाव

गावं आकाराच्या प्रमाणात निवडायची. कामात याला सगळे पीपीएस म्हणतात. हजार कुटुंबांच्या गावाला शंभर कुटुंबांच्या गावापेक्षा दहापट संधी मिळते.

यादी आधी जिल्हा, मग तालुका, मग तालुक्यात गावाच्या कोडनुसार लावा. या क्रमामुळे नमुना आपोआप सगळ्या तालुक्यांत पसरतो. मग कुटुंबसंख्येची चढती बेरीज करा. एकूण २४,००,००० ला ६० ने भागलं की अंतर येतं ४०,०००. आता १ ते ४०,००० मधली एक यादृच्छिक संख्या काढा. ती १७,३५२ आली असं समजा. पहिलं निवडलेलं गाव म्हणजे चढत्या बेरजेत ज्याच्या हद्दीत १७,३५२ पडते ते. दुसरं ५७,३५२ वालं, तिसरं ९७,३५२ वालं, असं साठपर्यंत.

यादीतला ५७,३५२ च्या आसपासचा तुकडा असा दिसेल:

| गाव | कुटुंबं | चढत्या बेरजेतली हद्द |
|---|---|---|
| क | ६१० | ५६,२८१ ते ५६,८९० |
| ख | २१० | ५६,८९१ ते ५७,१०० |
| ग | ४०० | ५७,१०१ ते ५७,५०० |
| घ | १,१४० | ५७,५०१ ते ५८,६४० |

५७,३५२ ही संख्या ‘ग’ गावात पडते. त्याची संभाव्यता ६० × ४०० ÷ २४,००,००० = ०.०१. हाच आकडा ४०० ÷ ४०,००० असाही मिळतो.

आर या सांख्यिकी संगणकभाषेत हे चार-पाच ओळींत होतं. `M` म्हणजे यादीच्या क्रमाने लावलेल्या गावांची कुटुंबसंख्या:

```r
set.seed(411004)
a   <- 60
k   <- sum(M) / a
t   <- runif(1, 0, k) + k * (0:(a - 1))
sel <- findInterval(t, cumsum(M), left.open = TRUE) + 1
p1  <- a * M[sel] / sum(M)
```

`set.seed` ची संख्या आणि त्या क्षणीची यादी दोन्ही जपून ठेवा. सहा महिन्यांनी कोणी निवड पुन्हा करून दाखवायला सांगितली, तर यादीचा क्रम एका गावाने बदलला असला तरी उत्तर वेगळं येऊ शकतं.

`p1` मध्ये १ पेक्षा मोठा आकडा दिसला तर थांबा. एककाचा आकार अंतरापेक्षा मोठा आहे असा त्याचा अर्थ. गावांच्या बाबतीत हे सहसा होत नाही, पण शहरी स्तरात कोणी अख्खं शहर किंवा मोठा प्रभाग एकक म्हणून घेतला की होतं. शहरात प्रगणन गटच घ्या, एका गटात साधारण सहाशे-सातशे लोकसंख्या असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण शहरांसाठी अर्बन फ्रेम सर्व्हेचे ब्लॉक वापरतं, ते मिळाले तर आणखी चांगलं. कोथरूड-बाणेरसारख्या भागात ब्लॉकच्या नकाशावर ‘अमुक बंगल्यापासून’ असं लिहिलेलं असतं आणि जागेवर त्या बंगल्याची बारा मजली इमारत झालेली असते. हद्द ओळखायला रस्ते आणि नाले धरा, इमारती नाही.

दुसरा टप्पा: गावाचा भाग

पूर्ण गावाची घरयादी करणं चारशे-पाचशे घरांच्या पुढे महाग पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अलीकडच्या फेऱ्यांत साधारण ३०० कुटुंबांच्या वरची गावं शंभर-दीडशे कुटुंबांच्या भागांत तोडली आणि त्यातले दोन भाग निवडले. इथे सोपेपणासाठी आपण एकच भाग निवडू.

टीम ‘ग’ गावात पोचते, ग्रामपंचायतीत बसून आणि गावातून फेरी मारून झटपट मोजणी करते. गावठाण आणि वाड्या-वस्त्या मिळून आज ५२० कुटुंबं निघतात. रस्ता, ओढा, कालवा अशा ठळक खुणा धरून चार भाग पाडले: १५०, १३०, १२० आणि १२० कुटुंबांचे. १ ते ५२० मधली यादृच्छिक संख्या दुसऱ्या भागात पडली. त्याची संभाव्यता १३० ÷ ५२० = ०.२५.

इथे दोन मोह होतात. पहिला असा: ‘गावात आता ५२० कुटुंबं आहेत ना, मग पहिल्या टप्प्यात ४०० च्या जागी ५२० घालू.’ नाही. गाव निवडलं गेलं ते ४०० या आकड्याच्या जोरावर, त्याची संधी ०.०१ च राहते. दुसरा मोह पुढच्या टप्प्यानंतर येतो, तो तिथे पाहू.

भाग पाडताना गावठाणाला जोडून नसलेल्या शेतातल्या वस्त्या विसरू नका. कागदावर चारही भागांच्या हद्दी एकमेकींना चिकटल्या पाहिजेत आणि गावाची पूर्ण शीव त्यांत यायला हवी. नकाशात मध्येच पांढरी जागा राहिली असेल तर तिथे एखादी वस्ती सुटलेली असण्याची शक्यता मोठी.

तिसरा टप्पा: घरयादी आणि कुटुंबं

निवडलेल्या भागात घरोघर जाऊन यादी करायची. वायव्येच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, उजव्या हाताने चला, दारावर खडूने क्रमांक आणि पुढे जाण्याच्या दिशेचा बाण काढा. एक चूल म्हणजे एक कुटुंब. पेठांमधल्या जुन्या वाड्यात एकाच दिंडी दरवाज्याआड पाच चुली असू शकतात. गृहनिर्माण सोसायटीत प्रवेशद्वारावरच्या नावांच्या पाटीवरून यादी उतरवून घेऊ नका. त्या पाटीत भाडेकरू नसतात, आणि काही नावांची माणसं तिथून कधीच गेलेली असतात.

बंद घरांची नोंद नीट करा. ‘रिकामं’, ‘कुटुंब इथलंच, पण आज बाहेर’ आणि ‘हंगामी स्थलांतर’ हे तीन वेगळे प्रकार आहेत. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या घरांना कुलूप असतं आणि तीच कुटुंबं त्या वेळी पुणे-सातारा-कोल्हापूरच्या फडावर कोपी घालून राहत असतात. त्यांना मूळ गावी मोजायचं की फडावर, हे सर्वेक्षण सुरू होण्याआधी लिहून ठरवा. तसं न केल्यास एक टीम म्हणते घर बंद, दुसरी म्हणते ही माणसं इथली नाहीत, आणि राज्याच्या नमुन्यात ऊसतोड कामगार उरतच नाहीत.

झटपट मोजणीत हा भाग १३० चा होता, घरयादीत १३८ कुटुंबं निघाली. त्यातली २० निवडायची आहेत. अंतर १३८ ÷ २० = ६.९. ते ६.९ च ठेवा. यादृच्छिक सुरुवात ० ते ६.९ मधली, समजा ३.२. मग ३.२, १०.१, १७.०, २३.९ असं वाढवत जा आणि प्रत्येक अपूर्णांक वरच्या पूर्ण संख्येला न्या: ४, ११, १७, २४. विसावी संख्या १३४.३, म्हणजे १३५ वं कुटुंब.

सोयीसाठी अंतर ६ केलं तर काय होतं पाहा. सुरुवात जास्तीत जास्त ६, त्यात सहाच्या १९ उड्या, म्हणजे विसावं कुटुंब फार तर १२० वं. यादीतली १२१ ते १३८ ही कुटुंबं कधीच निवडली जाणार नाहीत. आणि यादी ज्या क्रमाने केली त्यात शेवटी असतं कोण? गावाच्या कडेची, रस्त्यापासून लांबची वस्ती. कागदावर निवड ‘यादृच्छिक’ दिसते आणि तेवढीच घरं बाहेर राहतात. हे पकडायचं तर सगळ्या गावांत निवडलेल्या क्रमांकांना यादीच्या लांबीने भागा आणि ते अपूर्णांक एकत्र पाहा. एकच्या जवळच्या टोकाला ते विरळ होत गेले, तर बहुधा कुणीतरी अंतर पूर्ण संख्येत बसवलं आहे.

या टप्प्याची संभाव्यता २० ÷ १३८ = ०.१४५.

आता तो दुसरा मोह. घरयादीत १३८ निघाले म्हणून दुसऱ्या टप्प्याची संभाव्यता १३८ ÷ ५२० करायची नाही. भाग निवडताना हाती १३० हाच आकडा होता, तोच राहतो. १३८ चं काम फक्त तिसऱ्या टप्प्यात.

तिन्ही गुणून भार

```
p = 0.01 × 0.25 × (20/138) = 0.000362
w = 1/p = 100 × 4 × 6.9 = 2760
```

म्हणजे या गावातलं प्रत्येक निवडलेलं कुटुंब स्तरातल्या २,७६० कुटुंबांच्या वतीने बोलतं.

२०११ पासून गावात काहीच बदललं नसतं, म्हणजे फ्रेममधले ४०० आजही ४०० च असते, तर भार आला असता २४,००,००० ÷ (६० × २०) = २,०००. पीपीएसने गाव आणि प्रत्येक गावातून सारखी कुटुंबं, या जोडीची खुबी हीच: गावाचा आकार वर-खाली कापला जातो आणि स्तरातल्या सगळ्या कुटुंबांना सारखा भार मिळतो. प्रत्यक्षातला २,७६० हा २,००० च्या १.३८ पट आहे, आणि १.३८ म्हणजे ५२०/४०० गुणिले १३८/१३०. फ्रेम जुनी असल्याचं सगळं माप या एका आकड्यात उतरतं. हा गुणोत्तराचा रकाना प्रत्येक गावासाठी काढा. तो एकच्या जवळ असेल तर ठीक. कुठे तो पाच किंवा ०.२ दिसला तर आधी चुकीच्या गावात तर गेलो नाही ना ते बघा, मग हद्द, मग आकडे.

पुण्याभोवती मात्र पाच-आठ पट हे खरंही असू शकतं. फ्रेममध्ये १,२०० कुटुंबं असलेल्या गावात आज ९,६०० फ्लॅट भरलेले असतील, तर तिथल्या कुटुंबाचा भार १६,००० च्या घरात जातो. वीस मुलाखती मिळून स्तरातल्या ३,२०,००० कुटुंबांचं प्रतिनिधित्व करू लागतात, आणि त्या वीस घरांत काय सापडलं यावर पूर्ण ग्रामीण पुणे विभागाचा आकडा हलतो. असे भार नंतर कापून टाकले की अंदाज एका बाजूला झुकतो. उपाय निवडीआधीचा आहे. वाढलेल्या गावांचा आकार मिळकतकराच्या नोंदींवरून किंवा घरगुती वीजजोडण्यांवरून आधीच सुधारा आणि शक्य तर त्यांचा वेगळा स्तर करा. आकडा तंतोतंत नसला तरी चालतं, साधारण प्रमाण बरोबर हवं. एकदा का तो वापरून निवड केली, की `p1` मध्ये तोच.

प्रतिसाद आणि व्यक्ती

२० पैकी १८ कुटुंबांनी मुलाखत दिली, तर भार २० ÷ १८ ने वाढवा: २,७६० चे ३,०६६.६७. बंद घराऐवजी शेजारचं घर घेऊ नका. शेजारी घरी सापडला याचाच अर्थ तो बंद घरवाल्यासारखा नाही. दिवसा बाहेर असणारी नोकरदार आणि मजूर कुटुंबं अशाने नमुन्यातून गळतात आणि घरी असणारी म्हातारी माणसं वाढतात. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, त्यातली एक फेरी संध्याकाळची किंवा रविवारची असू द्या. तरीही भेट नाही झाली तर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहा.

घरातल्या एकाच प्रौढ स्त्रीची मुलाखत असेल आणि घरात पात्र स्त्रिया तीन असतील, तर हा चौथा टप्पा झाला. संभाव्यता १/३, त्यामुळे व्यक्तीचा भार ३,०६६.६७ × ३ = ९,२००. घरात एकच स्त्री असेल तर तो ३,०६६.६७ च राहतो. हे न केल्यास एकत्र कुटुंबातल्या सुनांचं म्हणणं आकड्यांत कमी उतरतं. तिघींपैकी कोण, हे पर्यवेक्षकाने दिलेल्या यादृच्छिक तक्त्यावरून ठरवायचं. ‘बोलायला कोण मोकळं आहे?’ असं विचारून ठरवायचं नाही.

डेटा हाती आल्यावर

पहिली तपासणी: स्तरातल्या सगळ्या कुटुंबभारांची बेरीज करा. ती स्तरातल्या आजच्या कुटुंबसंख्येच्या जवळपास यायला हवी. आपल्या स्तरात ती १२ लाख आली, तर बहुधा कुठेतरी एखादा टप्पा सुटला आहे. २४ लाखांपेक्षा बरीच जास्त आली, तर लोकसंख्येची वाढ आणि चूक यांत फरक करायला वर सांगितलेला गुणोत्तराचा रकाना पाहा.

राज्याचा आकडा काढताना भार लावल्याशिवाय काहीही छापू नका. प्रत्येक स्तराला ६० एककं दिल्यामुळे लहान आणि मोठ्या विभागांना सारखंच माप मिळालं आहे. भाराविना राज्याची सरासरी म्हणजे बारा स्तरांना समान मत दिल्यासारखी होते. आणि त्रुटी मोजताना सॉफ्टवेअरला पहिल्या टप्प्याचं एकक आणि स्तर दोन्ही सांगा:

```r
library(survey)
d <- svydesign(ids = ~psu, strata = ~stratum,
               weights = ~w, data = hh, nest = TRUE)
```

`ids = ~1` लिहिलं तर संगणक १,२०० कुटुंबं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरतो आणि प्रमाण त्रुटी खूप लहान दाखवतो. `psu` मध्ये गाव टाका, निवडलेला भाग नाही. एका गावातून एकच भाग घेतला असताना फरक पडणार नाही, पण दोन भाग घेतलेल्या गावांत ते दोन स्वतंत्र क्लस्टर असल्यासारखे मोजले जातील.

मूळ फाइलमध्ये प्रत्येक कुटुंबासमोर फक्त शेवटचा भार ठेवू नका. ४००, २४,००,०००, ६०, १३०, ५२०, २०, १३८ आणि १८ हे आठही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. भारात चूक निघाली तर ती याच रकान्यांतून शोधता येते. नुसत्या ३,०६६.६७ वरून कोणता आकडा कुठे घसरला ते सांगता येत नाही.